विषय: बिल क्र. ३१ – ३५ डॉलर कमी जमा झाले आहेत

नमस्कार सुलभाताई,

मसाल्याच्या पाकिटांच्या डिझाइनचे पैसे मंगळवारी, २७ जानेवारीला जमा झाले. बिल हातात पडल्या पडल्या पैसे सोडणारे ग्राहक कमी, त्यामुळे मनापासून आभार.

हिशेबात मात्र थोडी तूट आहे. बिल (क्र. ३१, ८ जानेवारी २०२६) १,८५० डॉलरचं होतं आणि माझ्या बँकेने दिलेल्या इनवर्ड रेमिटन्सच्या कागदावर १,८१५ डॉलर आले आहेत. कागद सोबत जोडला आहे.

तुमच्याकडून पूर्ण रक्कम निघाली होती, हे तुम्ही पाठवलेल्या स्विफ्ट कॉपीवर दिसतंच आहे. पण दुबईहून निघालेले डॉलर थेट पुण्यात उतरत नाहीत. मधल्या बँकेतून फिरून येतात आणि ती बँक आपले पैसे त्यातूनच कापून घेते. तुमच्या कॉपीवर चार्जेससमोर SHA लिहिलं आहे. म्हणजे तुमच्या बँकेचा आकार तुम्ही भरलात, वाटेतला माझ्या रकमेतून गेला. तिथे OUR निवडलं की तोही पाठवणाऱ्याच्या खात्यातून जातो. 'मधल्या बँकांचे चार्जेस ग्राहकाकडे' ही अट कोटेशनमध्ये आणि बिलाच्या तळाशी आहे, पण इतक्या बारीक अक्षरातलं कोण वाचतं! माझ्या बँकेने इकडे घेतलेले चार्जेस आणि त्यावरचा जीएसटी माझा मीच भरला आहे, तो या ३५ मध्ये धरलेला नाही.

आता हे ३५ डॉलर वेगळे पाठवू नका, त्यातलेही बरेचसे वाटेतच संपतील. लाडवांच्या डब्यांच्या लेबलचं बिल फेब्रुवारीत निघेल, ६२० डॉलरचं. त्यासोबत 'बिल क्र. ३१ ची बाकी' म्हणून ३५ मिळवून एकूण ६५५ पाठवा, आणि फॉर्म भरताना तुमच्या अकाउंट्सच्या माणसाला तेवढं OUR टिक करायला सांगा. डब्यांचं काम १५ फेब्रुवारीच्या पुढे गेलं, तर मी ३५ डॉलरची कार्डाने भरायची लिंक पाठवीन.

पुण्यातल्या तुमच्या खात्यातून रुपयांत पाठवायला सोपं वाटेल, पण ते नको. हे बिल जीएसटी न लावता निर्यात म्हणून काढलं आहे, त्याचे पैसे परदेशातून डॉलरमध्येच आलेले बरे. मार्चअखेर आमचे सीए एकेक बिल बँकेच्या कागदाशी ताडून बघतात आणि मग ३५ डॉलरसाठीसुद्धा चार फोन करतात.

असं करायला तुमची हरकत नाही ना, एवढं कळवा. आणि चटणीच्या पाकिटावरचा अरबी मजकूर तपासून झाला असेल तर तोही पाठवा, लेबल तेवढ्यासाठीच अडलं आहे.

आपली,
मेघना
पुणे