भोजनदान आणि पाणी सेवेतील सर्व स्वयंसेवकांचे आभार व सूचनांसाठी आवाहन

सर्व स्वयंसेवक बंधू-भगिनींना सप्रेम जयभीम.

धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त रहाटे कॉलनी चौकाकडून दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपल्या वस्तीने उभारलेले भोजनदान व पाण्याचे केंद्र विजयादशमीच्या आदल्या दुपारपासून दुसऱ्या दिवशी रात्री उशिरापर्यंत अखंड सुरू राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्या वर्षीच्या अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह ज्या भूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तिथे दूरदूरच्या गावांहून येणाऱ्या माणसाची पहिली गरज पाणी, सावली आणि दोन घास ही असते. ती भागवण्याचे काम आपण ज्या आस्थेने केले, त्याबद्दल समितीच्या वतीने मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सर्वांत आधी स्वयंपाकाच्या गटाविषयी. विहाराच्या मागील अंगणात आदल्या संध्याकाळीच कांदे-बटाटे चिरायला बसलेल्या महिला मंडळाच्या भगिनी आणि चुलीजवळ रात्रभर उभे राहून पुलावाचे गंज उतरवणारे बांधव यांच्यामुळेच पहाटे पाचला पहिली पंगत बसू शकली. पंगत बसवावी की रांगेत उभ्यानेच द्रोण द्यावेत, यावर तयारीच्या बैठकीत बरीच चर्चा झाली होती. उभ्याने वाटप केल्यास काम लवकर उरकते, हे खरेच आहे. परंतु रात्रभर गाडीत अवघडून बसून आलेल्या माणसाला सतरंजीवर बसवून, हात धुवायला पाणी देऊन, ‘अजून घ्या’ असे म्हणत वाढण्यात जो सन्मान आहे, तो रांगेत मिळत नाही, असे माझे ठाम मत होते आणि आपण सर्वांनी ते प्रत्यक्षात उतरवले. वाढणाऱ्या मुलांनी वृद्धांना आणि कडेवर लेकरू असलेल्या मातांना आधी बसवण्याची काळजी घेतली. तसे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

पाण्याच्या गटाने टँकर वेळेवर यावा म्हणून केलेला पाठपुरावा, पिंपांना झाकणे व तोट्या आणि पिण्याचे व हात धुण्याचे पाणी दोन वेगळ्या बाजूंना ठेवण्याची दक्षता यांमुळे गर्दी वाढल्यावरही चिखल व गोंधळ झाला नाही. सायंकाळी अचानक पाऊस आला तेव्हा वीजजोडणी सांभाळणाऱ्या बांधवाने आधी मंडपातील वीज बंद केली, जमिनीवरची वायर खांबांवर चढवून घेतली आणि सर्व कोरडे असल्याची खात्री झाल्यावरच दिवे पुन्हा लावले. त्या वेळी काहींना अंधार गैरसोयीचा वाटला असेल. मात्र ओल्या जमिनीवर अनवाणी वावरणाऱ्या शेकडो लोकांच्या दृष्टीने तोच निर्णय योग्य होता. त्याच पावसात दहावी-अकरावीच्या मुलींनी घरोघरून प्लास्टिकच्या पिशव्या गोळा करून आणल्या आणि पाहुण्यांनी विकत घेतलेले पुस्तकांचे गठ्ठे त्यांत बांधून दिले. दीक्षाभूमीवरून परतणारा माणूस पुस्तके घेऊन परततो. ती भिजू नयेत ही जाण आपल्या मुलींना आहे, याचा मला विशेष अभिमान वाटतो.

मदत कक्षातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या कामाचा थोडा सविस्तर उल्लेख करणे आवश्यक आहे. एकट्या दिसणाऱ्या वृद्धांना आणि लहान मुलांच्या पालकांना थांबवून त्यांनी जाड कागदाच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. चिठ्ठीवर गावाचे नाव, गाडीचा क्रमांक आणि सोबतच्या माणसाचा फोन क्रमांक एवढाच मजकूर असे. परभणी जिल्ह्यातून आलेल्या एक आजी दुपारी आपल्या गावकऱ्यांपासून चुकल्या तेव्हा त्यांना फोन क्रमांक आठवत नव्हता, पण सकाळी दिलेली चिठ्ठी त्यांच्या पदराच्या गाठीत होती. एका विद्यार्थ्याने त्यांना गाड्या उभ्या असलेल्या मैदानापर्यंत सोबत नेले आणि गावच्या मंडळींच्या स्वाधीन केल्यानंतरच तो परतला.

प्रथमोपचाराच्या टेबलावर बसलेल्या परिचारिका भगिनींनी पायांचे फोड धुऊन पट्ट्या बांधल्या आणि थकून आलेल्यांना जलसंजीवनी दिली. त्यांच्याच शेजारी बसून चपलांचे तुटलेले अंगठे आणि पिशव्यांचे बंद शिवून देणाऱ्या ज्येष्ठ काकांनी एकाही व्यक्तीकडून पैसे घेतले नाहीत. वस्तीतील ऑटोचालक बांधवांनी रात्री वृद्धांना अजनी स्थानकापर्यंत विनामूल्य सोडले, आणि जवळच्या शाळेने आपली स्वच्छतागृहे महिलांसाठी खुली ठेवली. ओला व सुका कचरा वेगळा ठेवणाऱ्या गटाने दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू हातात घेऊन रस्ता पूर्ववत केला. त्या वेळी सोबत राबलेल्या महानगरपालिकेच्या सफाई कर्मचाऱ्यांचेही आपण सर्वांनी आभार मानले पाहिजेत. या पत्रात कामांचा उल्लेख आहे, व्यक्तींची नावे नाहीत. प्रत्येक स्वयंसेवकाच्या नावाची यादी विहारातील फलकावर लावली आहे. कोणाचे नाव राहिले असल्यास कृपया लगेच कळवावे.

आता आपल्याकडून एक अपेक्षा आहे. पुढील वर्षाचे नियोजन अनुभवावर उभे राहावे, यासाठी प्रत्येकाने आपले निरीक्षण मोकळेपणाने सांगावे. काही प्रश्न समितीपुढे आहेतच. रात्री नऊनंतर पोहोचलेल्या गाड्यांतील लोकांना जेवणाऐवजी चहा व बिस्किटे द्यावी लागली. तेव्हा शेवटचा गंज उशिरा चढवावा की कोरडा शिधा राखून ठेवावा? तान्ह्या बाळांच्या मातांसाठी आडोसा केला होता, परंतु तो मंडपाच्या टोकाला असल्याने अनेकींना दिसला नाही, असे काही भगिनींनी सांगितले. तो कुठे असावा? तेलुगू, कन्नड व हिंदी भाषकांसाठी फलक लावावेत का? पहाटेच्या पाळीत त्याच त्या लोकांवर भार पडला असे ज्यांना वाटते, त्यांनी तेही स्पष्ट सांगावे, कारण थकलेला स्वयंसेवक पुढच्या वर्षी येत नाही आणि त्याचे कारणही कोणाला कळत नाही.

सूचना देण्यासाठी विहाराच्या दाराजवळ वही व बंद पेटी ठेवली आहे. पेटीत टाकलेल्या चिठ्ठीवर नाव लिहिण्याची गरज नाही. लिहिणे शक्य नसेल तर समितीच्या कोणत्याही सदस्याला तोंडी सांगावे किंवा आवाजी संदेश पाठवावा. तो शब्दशः लिहून घेतला जाईल. केवळ तासभर आलेल्यांचे मतही आम्हाला तितकेच हवे आहे. येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता विहाराच्या सभागृहात आढावा बैठक आहे. आलेली प्रत्येक सूचना तिथे वाचून दाखवली जाईल, जमाखर्चाचा तपशील मांडला जाईल, आणि जी सूचना स्वीकारता येणार नाही तिचे कारणही सांगितले जाईल.

बैठकीला येताना घरी राहिलेले गंज, झारे, सतरंज्या आणि स्वयंसेवकांचे बिल्ले सोबत आणावेत. मंडपात सापडलेले दोन चष्मे, एक शाल आणि लहान मुलाचा एक बूट विहारात जपून ठेवले आहेत. ते कोणाच्या पाहुण्यांचे असल्यास ओळख पटवून घेऊन जावेत.

आपला,
भोजनदान व पाणी सेवा समितीचा सचिव
नागपूर