कोण म्हणालं?

विभागप्रमुख मॅडम, सर्व शिक्षक, मागच्या रांगेत बसलेले पालक आणि आज ज्यांचा दिवस आहे ते तुम्ही सगळे, नमस्कार.

पालकांना आधी एक सांगतो. तुमची मुलं पेपरात कामाला लागली की रात्री एक वाजता घरी येतील आणि 'आज काय केलं' विचारल्यावर 'काही विशेष नाही' म्हणतील. ते खरंच असेल. पहिल्या आठवड्यात काही विशेष होत नाही.

आता तुमच्याशी. पदविका घेऊन तुम्ही न्यूजरूममध्ये शिराल तेव्हा डोक्यात शोधपत्रकारिता असेल, मुलाखती असतील, पान एकवर बायलाइन असेल. तुमच्या हातात मात्र निधनवार्ता येतील. त्याच्या जोडीला संस्थांच्या प्रेसनोटा, उद्याचे कार्यक्रम आणि पाणी बंद असलेल्या भागांची यादी. माझ्या शहर डेस्कवर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी आधी निधनवार्ताच देतो. त्याला वाटतं, हा आपला अपमान आहे. दोन-तीन दिवसांनी वाटेनासं होतं.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक मुलगी रुजू झाली. संध्याकाळी सातच्या सुमाराला एक गृहस्थ काउंटरवर आले. हातात वहीचा फाडलेला कागद आणि पासपोर्ट आकाराचा फोटो. काका वारले होते. कागदावर लिहिलं होतं, 'पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार.' तिने ते टाइप केलं, मग त्यांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "मुली?" ते म्हणाले, "एक आहे, पण तिचं लग्न झालंय." तिने विचारलं, "नाव काय ताईंचं?" नाव आलं, बातमीत गेलं. मग तिने वय विचारलं. कागदावर ७८ होतं. गृहस्थांनी घरी फोन लावला, तेव्हा कळलं ८१. मी शेजारच्या टेबलावरून हे ऐकत होतो. चार ओळींच्या मजकुरात दोन दुरुस्त्या झाल्या आणि दोन्ही केवळ विचारल्यामुळे झाल्या. अग्रलेखातली चूक वाचक विसरतो. निधनवार्तेतली चूक ते कुटुंब कात्रणासकट वीस वर्षं जपून ठेवतं.

न्यूजरूममध्ये तुमचं मत कुणी विचारणार नाही. निदान त्या आठवड्यात तरी नाही. दिवसातून तीसदा एकच प्रश्न येईल: "कोण म्हणालं?" वृत्तसंपादक विचारेल, मुख्य उपसंपादक विचारेल, वीस वर्षं पानं लावणारा आमचा ऑपरेटर तर हेडिंग बसवता बसवता विचारेल, आणि त्याचं बहुतेक वेळा बरोबर असेल. 'सगळे म्हणतायत' हे उत्तर चालत नाही. 'व्हॉट्सअॅपवर आलंय' हे तर उत्तरच नव्हे.

समजा, रात्री साडेदहाला नवले पुलाजवळ अपघात झाला. तुमच्या फोनवर अर्धा डझन व्हिडिओ येतील, आणि मृतांचे आकडे तीनपासून नऊपर्यंत असतील. काय कराल? पोलीस ठाण्यात फोन लावा. ठाणे अंमलदार म्हणेल, साहेब स्पॉटवर आहेत, नंतर करा. अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षाला लावा. वर्दी किती वाजता आली, किती गाड्या गेल्या, हे तिथे नोंदलेलं असतं. जखमी कुठे नेले ते विचारा आणि त्या रुग्णालयात लावा. मग पुन्हा ठाण्यात. तीन ठिकाणांहून दोन आकडे आले, तर दोन्ही कुणी सांगितले ते लिहा किंवा कमी असलेला आकडा घ्या. मृतांचा आकडा उद्या वाढवता येतो. ज्याला आपण छापून मारलं, त्याच्या घरी काय तोंड दाखवणार?

आणि हे सगळं घड्याळाकडे बघत करायचं. जुन्नर, इंदापूरकडे जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान तोवर सुटलेलं असतं, गाड्या वेळेत निघाव्या लागतात. म्हणजे तुमची बातमी शहरातल्या वाचकाला सकाळी मिळते, तालुक्यातल्याला मिळत नाही. वर्गात आपण 'वाचक' हा शब्द सहज वापरतो. पहिल्या आठवड्यात कळतं की एकाच दिवशी, एकाच नावाखाली, दोन गावांतले वाचक वेगवेगळा पेपर वाचतात. वेबसाइटमुळे हा फरक पुसला गेला असं म्हणतात. निम्मं खरं आहे. वेबसाइटने घाई मात्र चोवीस तासांची केली.

जरा गंभीर बोलतो. लहान मुलांवरच्या अत्याचाराची बातमी कधी ना कधी तुमच्या हाती येईल, आणि ती पहिल्या आठवड्यातही येऊ शकते. पॉक्सो कायद्याचं कलम २३ तुम्ही परीक्षेत लिहिलंय: नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. पेपरात पाच गुण मिळाले असतील. डेस्कवर कॉपी येते तेव्हा त्यात मुलीचं नाव नसतं, सगळे तेवढं पाळतात. पण वाडीचं नाव असतं, वडील कुठल्या कारखान्यात कामाला आहेत ते असतं, मुलगी सातवीत शिकते हे असतं. हजारभर वस्तीच्या गावात आणखी काय सांगायचं राहिलं? ती तीन वाक्यं काढल्यावर बातमी बुटकी होते. होऊ द्या. तालुक्याचा वार्ताहर रागावून फोन करेल, इतकी मेहनत करून तपशील मिळवला म्हणेल. त्याच्याशी नीट बोला, कारण उद्या पूर आला की गावात गुडघाभर पाण्यात तोच उभा असणार आहे. त्याला अनेकदा पगारही नसतो, बातमीमागे मानधन मिळतं, आणि बायलाइन कधी कधी डेस्कवरचा माणूस घेऊन जातो. हे आपल्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. तुम्ही तरी ते वाढवू नका.

प्रेसनोटांबद्दल थोडक्यात. प्रत्येक कार्यक्रम 'उत्साहात संपन्न' झालेला असतो. तुम्ही फक्त विचारा, किती लोक होते, आणि झाडं लावली असतील तर कुठे. दोन महिन्यांनी त्या जागेवरून एक चक्कर मारा. बातमी तिथे असेल, किंवा खड्डे असतील, आणि खड्डे ही जास्त चांगली बातमी असते.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून आपण त्या दिवशी पत्रकार दिन साजरा करतो, हार घालतो, भाषणं देतो. मीही देतो. पण त्या दिवशीही संध्याकाळी कुणीतरी निधनवार्ता घेऊन येतंच, आणि कुणीतरी खुर्ची ओढून त्यांना बसवावं लागतं.

पगाराबद्दल मी बोलणार नाही, पालक बसलेत.

जूनमध्ये माझ्या डेस्कवर दोन जागा भरायच्या आहेत. अर्ज करणार असाल तर 'छंद: वाचन, प्रवास' लिहू नका. तुमच्या तालुक्यातल्या अशा पाच जणांची यादी आणा, ज्यांना रात्री अकरा वाजता फोन केला तर ते उचलतील आणि चिडणार नाहीत. त्यात एक तरी पोलीस नसलेला माणूस असू द्या.

सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. नमस्कार.