साध्या लोलकावरून g: त्रुटी विश्लेषण

स्थळ: भौतिकशास्त्र प्रयोगशाळा, रत्नागिरी. बी.एस्सी. प्रथम वर्ष. वाचने दोघींनी घेतली: एकीने आंदोलने मोजली, दुसरीने स्टॉपवॉच चालवले.

मांडणीबद्दल

लोलकाला सुती दोरा न वापरता मासे पकडायचा तंगूस वापरला. पावसाळ्यात इथे समुद्रावरून येणारी हवा इतकी दमट असते की सुती दोऱ्याची सकाळची लांबी दुपारपर्यंत टिकेल याची खात्री वाटेना. तंगूस सुती दोऱ्यापेक्षा ओल कमी धरतो, पण वजनाने ताणला जातो. म्हणून गोलक लटकवून, तो स्थिर झाल्यावरच लांबी मोजली. समुद्राकडची खिडकी आणि पंखा दोन्ही बंद ठेवले.

लाकडी मीटरपट्टीचे शून्याकडचे टोक झिजलेले आहे. त्या टोकापासून मोजले असते तर पट्टीचा झिजलेला भाग प्रत्येक वाचनात जास्तीचा धरला गेला असता. समजा झीज २ मिमी आहे. तेवढ्याने g ०.०२ मी/से² ने जास्त आला असता, आणि पुढे दिसेल की आमची सगळी अनिश्चितताच जवळपास तेवढी आहे. शंभर वेळा मोजूनही ही चूक कमी होत नाही, कारण ती दर वेळी एकाच बाजूला ढकलते. हीच पद्धतशीर त्रुटी. तिच्यावर सरासरीचा इलाज चालत नाही, म्हणून १ सेमीच्या खुणेपासून मोजून १ वजा केला.

लांबी

आधारबिंदूपासून गोलकाच्या माथ्यापर्यंतची पाच वाचने, सेमीमध्ये: ९८.६, ९८.७, ९८.५, ९८.६, ९८.७. सरासरी ९८.६२, प्रमाण विचलन ०.०८४, सरासरीची प्रमाण त्रुटी ०.०८४/√५ = ०.०३७ सेमी.

याशिवाय पट्टीचे लघुत्तम माप १ मिमी आहे. खरी लांबी त्या एका मिलिमीटरच्या घरात कुठेही असू शकते, म्हणून एका टोकाची अनिश्चितता ०.१/√१२ = ०.०२९ सेमी आणि दोन्ही टोकांची मिळून ०.०४१ सेमी. ही आणि वरची त्रुटी वर्ग करून मिळवली, मग वर्गमूळ काढले: ०.०५५ सेमी. थेट बेरीज केली नाही, कारण दोन स्वतंत्र त्रुटी एकाच वेळी एकाच दिशेला पूर्ण झुकतील असे मानायला आधार नाही.

गोलकाचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने पाचही वेळा २.५४ सेमी आला, म्हणजे त्रिज्या १.२७ सेमी. इथली अनिश्चितता लांबीच्या मानाने फारच लहान, म्हणून सोडून दिली.

L = ९९.८९ ± ०.०६ सेमी

वेळ

२० आंदोलनांना लागलेला वेळ, सेकंदांत:

४०.१२, ४०.२५, ४०.०८, ४०.३१, ४०.१७, ४०.०२, ४०.२२, ४०.२८, ४०.१०, ४०.१९

वहीत अकरावे वाचनही आहे: ४२.१६. ते एका रेघेने खोडले आहे, पुसलेले नाही. उरलेल्या दहांच्या सरासरीपेक्षा ते १.९९ सेकंदांनी जास्त आहे, म्हणजे जवळजवळ बरोबर एक आवर्तकाल. मोजताना एक आंदोलन जास्त झाले, २० ऐवजी २१. ही मोजण्यातली चूक आहे, त्रुटी नव्हे. तिला सरासरीत जागा नाही. पण केवळ ‘वेगळे दिसते’ म्हणून आम्ही ते काढलेले नाही. कारण सापडले नसते तर ठेवले असते.

दहांची सरासरी ४०.१७४ से, प्रमाण विचलन:

```
s = sqrt( Σ(t − t̄)² / (n − 1) ) = sqrt(0.0788 / 9) = 0.094 s
```

n ऐवजी n − १ ने भागतो, कारण सरासरी याच दहा वाचनांतून काढली आहे आणि वाचने स्वतःच्या सरासरीभोवती खऱ्या किमतीपेक्षा थोडी जास्तच गोळा होतात.

स्टॉपवॉच ०.०१ सेकंद दाखवते. ‘± ०.०१ से’ लिहून मोकळे व्हायचा मोह आम्हालाही झाला, पण वाचने स्वतःच सांगतात की ते खरे नाही: ती ४०.०२ पासून ४०.३१ पर्यंत पसरली आहेत. हा पसारा घड्याळाचा नाही, बोटाचा आहे. तो कमी करण्यासाठी गोलक मध्यबिंदूवरच्या खुणेवरून जाताना बटण दाबले. टोकाला तो क्षणभर रेंगाळतो आणि नेमका क्षण हाताला लागत नाही.

एका वाचनाचा पसारा ०.०९४ से, सरासरीचा मात्र ०.०९४/√१० = ०.०३० से. दोन्हींत गल्लत होऊ नये. पहिला आकडा सांगतो की आणखी एक वाचन घेतले तर ते किती भटकू शकेल, दुसरा सांगतो की दहांच्या सरासरीवर किती विसंबावे. आम्हाला दुसरा हवा आहे. दहाच वाचने असल्याने खुद्द विचलनाचा आकडाही साधारण २४ टक्क्यांनी सैल आहे, म्हणून शेवटी अनिश्चिततेचा एकच सार्थ अंक ठेवला.

T = २.००८७ ± ०.००१५ से

g पर्यंत त्रुटी कशी पोहोचते

```
g = 4π²L / T²
(Δg/g)² = (ΔL/L)² + (2·ΔT/T)²
```

T वर्गात आहे, म्हणून त्याची सापेक्ष त्रुटी दुप्पट होऊन येते. लांबीचा वाटा ०.०५५ टक्के, वेळेचा २ × ०.०७४ = ०.१४७ टक्के, एकत्रित ०.१५७ टक्के. वर्गांच्या हिशेबात एकूण अनिश्चिततेचा सुमारे ८८ टक्के भाग एकट्या वेळेचा निघाला. आम्ही मात्र सकाळचा अर्धा तास लांबी नीट करण्यात घालवला होता.

सूत्रातून g = ९.७७४ मी/से². हे सूत्र अतिलहान आयामासाठी खरे आहे. आमचा आयाम सुरुवातीला ५ अंश आणि शेवटी ४ अंशांच्या आसपास होता, सरासरी ४.५ अंश. त्यामुळे आवर्तकाल किंचित वाढतो. g ला (१ + θ²/८) ने, म्हणजे १.०००७७ ने गुणून ९.७८१ मिळाले. ही दिशा माहीत असलेली त्रुटी आहे, म्हणून ती ± मध्ये न ढकलता दुरुस्त केली.

g = ९.७८ ± ०.०२ मी/से²

तुलना

पाठ्यपुस्तकातल्या ९.८१ शी ताडून ‘०.३ टक्के चूक’ असे आम्ही लिहीत नाही. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे g विषुववृत्ताकडे कमी होत जातो. १७ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीला, त्याची किंमत सुमारे ९.७८५ आहे. आमचे उत्तर तिच्यापासून ०.००४ वर, म्हणजे अनिश्चिततेच्या बरेच आत.

९.८१ पासून मात्र आम्ही ०.०२९ दूर आहोत. पूर्णांकन न केलेल्या ०.०१५ या अनिश्चिततेच्या जवळजवळ दुप्पट. ही किंमत आमच्या मापनाशी फारशी जुळत नाही, पण ती खोडून काढली असे म्हणण्याइतकाही पुरावा दहा वाचनांत नाही.

तो कुठून आणायचा हे वरच्या हिशेबातच आहे. २० ऐवजी ५० आंदोलने मोजली तर बोटाचा पसारा तेवढाच राहील आणि ५० मध्ये वाटला जाईल. वेळेचा वाटा ०.१४७ वरून ०.०५९ टक्क्यांवर येईल आणि g ची अनिश्चितता ०.००८ च्या आसपास. तेव्हा ९.७८५ आणि ९.८१ वेगळे ओळखता येतील. मात्र आयाम आणखी घटेल आणि मोजण्यात चूक व्हायचा धोका वाढेल, म्हणून पुढच्या तासिकेला दर दहा आंदोलनांनंतर फळ्यावर एक रेघ ओढायचे ठरवले आहे.