अपूर्ण दंतोपचारांचे ३४,००० रुपये परत मिळण्याबाबत

(रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह)

जयगड, ता. रत्नागिरी
दि. २२ जुलै २०२५

प्रति,
प्रमुख डॉक्टर, दंत चिकित्सालय, रत्नागिरी

विषय : केसपेपर क्र. ४१८, न केलेल्या उपचारांची रक्कम परत करणे

महोदय,

१४ फेब्रुवारीला आपण लिहून दिलेल्या उपचार आराखड्याचे ५०,००० रुपये होत होते. एकरकमी भरल्यास १० टक्के सवलत, म्हणून त्याच दिवशी यूपीआयने ४५,००० रुपये भरले. पावती सोबत आहे.

आराखड्यापैकी दात साफ करणे (१,०००), १५ नंबरचा दात काढणे (१,०००) आणि ३६ नंबरच्या दाढेचे रूट कॅनल (६,०००) पूर्ण झाले. त्याबद्दल काही तक्रार नाही.

४६ नंबरच्या दाढेचे काम मात्र अर्ध्यावर आहे. १९ एप्रिलला दाढ उघडून कॅनल साफ केले, आत औषध ठेवून वर तात्पुरते सिमेंट भरले. कायमचे भरण पुढच्या शनिवारी व्हायचे होते. दर शनिवारी येणारे रूट कॅनल तज्ज्ञ त्यानंतर आलेच नाहीत. तात्पुरते सिमेंट काही आठवडेच टिकते. ते मे महिन्यात निघाले. लाळ आत गेली की साफ केलेले कॅनल पुन्हा दूषित होतात, त्यामुळे नव्या डॉक्टरांना हे काम पहिल्यापासून करावे लागेल. तरीही या दाढेच्या रूट कॅनलच्या ६,००० पैकी निम्मे, ३,००० रुपये, झालेल्या कामाचे म्हणून मी आपल्याकडे सोडत आहे.

३६ आणि ४६ वरच्या झिरकोनिया कॅप (प्रत्येकी ९,०००) आणि १४ ते १६ चा तीन दातांचा ब्रिज (१८,०००) सुरूच झालेले नाहीत. त्यांसाठी दात घासून लहान केलेले नाहीत, मापही घेतलेले नाही. म्हणजे लॅबचा खर्च झाला, असेही म्हणता येणार नाही.

झालेल्या कामाचे ११,००० रुपये सवलत न धरता, पूर्ण दराने वजा केले आहेत. उरलेले ३४,००० रुपये परत करावेत. "भरलेले पैसे परत मिळत नाहीत" हा पावतीवरचा शिक्का मला मान्य नाही. जी सेवा दिलीच नाही तिची फी त्या शिक्क्याने आपली होत नाही. "गणपतीनंतर बघू" हे फोनवरचे उत्तरही चालणार नाही. उघडी दाढ तोवर थांबणार नाही, आणि ३६ वर कॅप नसल्याने रूट कॅनल झालेली ती दाढ चावताना तुटण्याचा धोका रोजचा आहे.

पैशांइतकीच निकड नोंदींची आहे. सर्व एक्स-रे, ४६ मध्ये किती कॅनल सापडले, प्रत्येकाची मोजलेली लांबी आणि आत ठेवलेल्या औषधाचे नाव लेखी द्यावे. पुढच्या डॉक्टरांना ते लागणार आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम ज्या यूपीआय खात्यातून आली त्याच खात्यात जमा करावी. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. त्यात व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि ४६ च्या फेरउपचाराचा पूर्ण खर्चही मागीन.

आपली रुग्ण
(केसपेपर क्र. ४१८)

सोबत : उपचार आराखडा, पावती व यूपीआय नोंद यांच्या प्रती