सातवा दिवस

सोमवार ते शनिवार रोज बारा-बारा ऑर्डरी मारल्या आणि शनिवारी रात्री साडेदहाला, शेवटचं पार्सल देऊन फुलेवाडीला घरी जाताना अंगात कणकण भरली. पावसात भिजलोय म्हणून असंल असं वाटलं. पण झोपताना पाय असे ठणकायला लागले की कुणीतरी लाटण्यानं मारलंय. पहाटे सीमानं थर्मामीटर लावला, 102.

"आज जायचं नाही," ती म्हणाली. "मी सांगतो, मुकाट्यानं झोपा."

मी काय बोललो नाही. तिला पण हिशोब पाठ हाय. रविवारी सातशे-आठशे सुटतात, त्यातनं पेट्रोल दोनशे. ते गेलं तर गेलं, पण आठवड्याचा इन्सेंटिव्ह 1,200 चा, आणि तो सातही दिवस बारा ऑर्डरी झाल्या तरच पडतो. सहा दिवस झाले म्हणून सहा दिवसांचा पडत नाही, सगळाच जातो. म्हणजे आज झोपलो की 1,700-1,800 गेले, आणि गाडीचा हप्ता 3,200 चा पाच तारखेला. कंपनी काय कुणाला बळंच बोलवत नाही, ॲप बंद ठेवायची मोकळीक हाय, कुणी फोन करून शिव्या देत नाही. तरी मी उठलो.

आरूला लांबनंच टाटा केला. ती दारात पळत आली तर सीमानं तिला मागनं धरलं. आम्ही रात्रीच ठरवलेलं, मी बाहेरच्या खोलीत झोपणार, ताट-तांब्या वेगळा. पाच वर्षांची हाय, तिला काय कळत नाही, पप्पा रुसलेत असं वाटलं तिला.

650 ची गोळी घेतली, दोन खिशात टाकल्या, रेनकोट चढवला. पाऊस सकाळपासनं लागून राहिलेला, चहाच्या टपरीवर सगळे राजाराम बंधाऱ्याचं पाणी किती झालं तेच बोलत होते, 33 फूट म्हणं, इशारा पातळी 39 ला. आमच्यासारख्यांना त्यातलं एवढंच कळतं की कुठला रस्ता कवा बंद होईल. परीख पुलाखाली पाणी भरलेलंच होतं, म्हणजे स्टँडकडनं राजारामपुरीला जायचं तर लांबचा वळसा, आणि वळश्याचं पेट्रोल आपलंच.

रविवार म्हटल्यावर अकरापासनंच मटणाच्या ऑर्डरी. हॉटेलच्या दारात वीस मिनिटं उभा राहिलो, आत तांबड्या रश्श्याला फोडणी बसत होती, एरवी त्या वासानं तोंडाला पाणी सुटतंय, त्या दिवशी पोटात ढवळून आलं. रेनकोटच्या आत घामानं चिंब, बाहेरनं पाऊस, आणि मधे थंडी वाजत होती. मास्क भिजून तोंडाला चिकटला. गोळीचा असर हाय तवर माणूस चालतंय, चार तास झाले की आतनं परत भट्टी पेटते आणि पुढची गोळी सहा तासांशिवाय घेता येत नाही. ते मधले दोन तास मला अजून आठवतात.

त्याच दोन तासांत राजारामपुरीची ऑर्डर लागली, चौथा मजला, लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर मी पायरीवर बसलो. पार्सल मांडीवर घेतलं, त्याची ऊब छातीला बरी वाटली, डोळे मिटले तर फोन वाजला, "कुठं आहात, लोकेशन बिल्डिंगमध्येच दाखवतंय." आलो म्हणालो.

दार एका लहान पोरानं उघडलं, आरूपेक्षा थोडा मोठा असंल. हात पुढं करून उभा. मी पार्सल चपलांच्या स्टँडवर ठेवलं आणि दोन पायऱ्या खाली उतरलो. मागनं त्याची आई आली. "अहो तिथं कशाला ठेवताय, चपलांवर?"

"ताई, मला ताप हाय. पोराला नको म्हणून."

तिनं पोराला पटकन आत ओढलं. मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मग घरी का नाही राहिला?"

रागानं नाही म्हणाली, खरंच विचारत होती. आणि तिचं बरोबरच होतं, माझ्या पोरीला लागू नये म्हणून मी वेगळं ताट घेतलं आणि दुसऱ्याच्या पोराच्या दारात जाऊन उभा राहिलो. मला सातवा दिवस, बारा ऑर्डरी, पाच तारीख असं सगळं सांगावंसं वाटलं, पण जिन्यात उभं राहून कुणाला काय सांगायचं. चुकलं ताई म्हणालो आणि कठडा धरत खाली आलो.

खाली अस्लम भेटला. त्याचं पार्सल समोरच्याच बिल्डिंगला होतं. माझं तोंड बघून त्यानं हेल्मेट काढलं, कपाळाला हात लावला. "भावा, मराय लागलाईस व्हय? किती झाल्या?"

"सात."

"पाच ऱ्हायल्या. आयडी दे, मी मारतो."

"फोटो मागतंय की मधनंच." आमच्या ॲपमध्ये कधीही सेल्फी मागतात, दोन-तीन मिनिटांत दिला नाही की लॉगआउट. दुसऱ्यानं आयडी चालवायचा नाही हा नियम हाय, पकडलं तर आयडीच जाते.

अस्लम थोडा गप बसला. मग त्यानं स्वतःचं ॲप बंद केलं, त्याची गाडी तिथंच पार्किंगला लावली आणि माझ्या गाडीची चावी घेतली. "माग बस. फोटो आला की तू थोबाड दाखव, जिने मी चढतो."

नको म्हणालो मी, खरंच म्हणालो. त्याचे पण तास जात होते, त्याच्या घरात आई डायलिसिसला जाते, आठवड्यातनं दोनदा. पण तो ऐकणाऱ्यातला नाही. दुपारी तीन ते सात, भर पावसात, मी त्याच्या पाठीला डोकं टेकून बसलो. रंकाळ्यावरनं जाताना वारं असं लागलं की दातावर दात आपटले, तो ओरडून विचारत होता, "हाईस न्हवं?" एकदा सेल्फी मागितला, नागाळा पार्कात, मी मास्क काढून फोटो दिला, सात वाजता बारावी ऑर्डर पडली आणि तो मला घरापर्यंत सोडून वडापनं परत गेला, स्वतःची गाडी आणायला.

सोमवारी डॉक्टरकडं गेलो. फ्लू हाय म्हणाले, पाच-सहा दिवस घरातच राहा, दुसऱ्याला लागतो. मान हलवली. ई-श्रमचं कार्ड पाकिटात हाय माझ्या, पण ते दाखवून तापाची सुट्टी मिळत नाही. सोमवारी झोपलो, म्हणजे हा आठवडा सुरू व्हायच्या आधीच गेला, पण 1,200 पडले होते, निदान तेवढं होतं. मंगळवारी पण घरातच.

बुधवारी सकाळी अस्लमचं स्टेटस दिसंना, म्हणून फोन केला. उचलला तर खोकत होता. सीमा शेजारीच उभी होती, तिनं आवाज ऐकला आणि काय न बोलता आत गेली.

"किती हाय?"

"मोजला नाही रं. मोजून काय करू? आईला खालच्या खोलीत ठिवलंय, बहीण बघतीय."

"सोमवार, मंगळवार मारल्यास?"

"बारा-बारा."

माझा ताप उतरला होता, अंगात जोर नव्हता, उठून उभं राहिलं की गरगरायचं. त्याच्या घरापाशी गेलो तर तो रेनकोट घालून कट्ट्यावर बसलेला, डोळे लाल. मी चावी मागितली. तो म्हणाला तुझं ॲप? मी म्हणालो माझा आठवडा गेलाय, चावी दे.

पहिली ऑर्डर घेऊन दसरा चौकापर्यंत आलो आणि त्याचा फोन वाजला, फोटो. मी गाडी झाडाखाली घेतली. त्यानं माझ्या खांद्यावरचं डोकं उचललं, मास्क हनुवटीवर ओढला, आणि मी वरनं हात धरला, फोनवर पाऊस पडू नये म्हणून.