गुणवत्तेवरचा खर्च : एप्रिल ते जून तिमाही, पंप स्टार्टर कार्ड विभाग, उद्यमबाग, बेळगाव

मालक,

तिसरा चेकर घ्यायचा का, असं तुम्ही विचारलं होतं. आधी हे आकडे बघा. तिमाहीची विक्री ४८ लाख, त्यातले ४ लाख, म्हणजे ८.३ टक्के, गुणवत्तेपायी गेले.

| प्रकार | रुपये | वाटा |
|---|---|---|
| प्रतिबंध (ट्रेनिंग ९,०००, सोल्डर स्टेशन कॅलिब्रेशन आणि अँटिस्टॅटिक मॅट मिळून ७,०००) | १६,००० | ४% |
| तपासणी (चेकर ६०,०००, आवक माल १८,०००, टेस्ट जिग १२,०००) | ९०,००० | २२.५% |
| कारखान्यातलं नुकसान (रिवर्क ६६,०००, रिटेस्ट ३०,०००, भंगार पार्ट ३८,०००) | १,३४,००० | ३३.५% |
| गिऱ्हाइकाकडचं नुकसान (बदली कार्ड ७२,०००, फेऱ्या ४१,०००, क्रेडिट नोट ४७,०००) | १,६०,००० | ४०% |

दोन्ही चेकरांचा पगार ९०,०००. पण त्यांचा तिसरा हिस्सा वेळ रिवर्कची कार्डं पुन्हा तपासण्यात जातो, म्हणून ते ३०,००० मी नुकसानीत टाकलेत. अकाउंटंटना हे पटलेलं नाही. पण कार्ड पहिल्यांदाच नीट झालं असतं तर ती तपासणी लागलीच नसती.

परत आलेली २१२ कार्डं आम्ही उघडली. १३१ मध्ये एकच दोष : रिलेच्या पायाभोवती सोल्डरला बारीक गोल चीर. भिंगाखाली केसासारखी दिसते, नुसत्या डोळ्यांना नाही. पॅड लहान, बिट झिजलेलं, त्यामुळे सोल्डर भोकातून वरपर्यंत चढतच नाही. रिले प्रत्येक वेळी ओढला की पाय हलतो, आणि तापणं-निवणं चालू राहतं. ३८ कार्डांत एमओव्ही जळलेला. तिकडे लाइनचा दाब वरखाली होतो, तो दोष पूर्ण आपला म्हणता येणार नाही. उरलेली ४३ किरकोळ.

आता मुद्दा. ही चीर जिगवर सापडतच नाही, कारण नवं कार्ड गार असताना जोड टेकलेला असतो. कार्ड पास होतं, चिकोडीच्या उसाच्या मळ्यात महिनाभर चालतं आणि ऐन पाण्याच्या पाळीला बंद पडतं. तिसरा चेकर म्हणजे तिमाहीला ४५,०००, आणि तोही हीच कार्डं पास करील.

त्याऐवजी एकदाच ३५,००० द्या : रिले सरळ धरणारा फिक्श्चर, बिटांचा साठा, हाताने सोल्डर करणाऱ्या चौघांना दोन दिवस सराव, आणि पुढच्या पीसीबी लॉटला रिलेचा पॅड मोठा. कार्डांच्या हिशोबाने बाहेरच्या नुकसानीतले सुमारे ९९,००० या एका दोषाचे. सगळे वाचतील असं मी म्हणत नाही. जुनी कार्डं शेतात आहेतच, ती दोन तिमाह्या तरी येत राहतील.

निपाणीच्या डीलरने या खेपेला ऑर्डर अर्धी केली, तो तोटा वरच्या तक्त्यात नाही. मोजायचा कसा ते ठरवता आलं नाही.

पीसीबीचा लॉट येत्या सोमवारी छापायला जातोय. पॅडचा बदल त्याआधी कळवा, नाहीतर आणखी २,००० कार्डं जुन्याच पॅडवर बसतील.

— क्वालिटी इनचार्ज