कुलकर्णी मॅडमच्या निरोपाच्या कार्यक्रमातलं भाषण

नमस्कार. मॅडम, बसा. आज तुम्ही उभं राहायचं नाही. आज तपासणी नाहीये.

मला पाच मिनिटं दिली आहेत. भाषण मला जमत नाही, आणि खरं तर आज मी माझं भाषण करणारही नाहीये. मी एक कार्ड वाचून दाखवणार आहे. आपल्या जपानच्या कस्टमरकडच्या अकरा जणांनी मॅडमसाठी ते लिहिलंय. मूळ कार्ड अजून पोस्टात आहे. परवा रात्री त्याचा फोटो माझ्या फोनवर आला, सोबत एक ओळ होती: 'कार्यक्रमाच्या आत पोचणार नाही असं दिसतंय. तुम्ही वाचून दाखवाल का?'

दाखवेन म्हणालो. त्यानंतर फोटो उघडला.

या कार्डाला ते 'योसेगाकी' म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहिलेलं. चौकोनी जाड पुठ्ठा असतो. ज्याला निरोप द्यायचा त्याचं नाव मधोमध, आणि बाकीचे भोवतीने गोल लिहीत जातात. त्यामुळे एकाचा मजकूर सरळ, दुसऱ्याचा आडवा, तिसऱ्याचा उलटा. मी फोन फिरवला की स्क्रीनही फिरायची, मजकूर परत उलटाच. अर्धा तास मी स्वतःच मान वाकडी करून वाचत बसलो होतो. शेवटी बायकोने येऊन स्क्रीनचं फिरणं बंद करून दिलं. जपानीच्या दोन परीक्षा पास झालोय मी, पण हे काही सुचलं नव्हतं. त्यात फोटो फ्लॅश लावून काढलेला, वरच्या कोपऱ्यातला एक मजकूर पूर्ण पांढरा. त्याच्याकडे शेवटी येतो.

मधोमध मॅडमचं नाव आहे. जपानीत 'ल' नाही आणि जोडाक्षरं आपल्यासारखी नाहीत. म्हणून मॅडम, तिकडे गेली सोळा वर्षं तुम्ही 'कुरुकारुनी-सान' आहात. कॉलवर ऐकून आपल्याला सवय झालीय, पण इतक्या मोठ्या अक्षरांत पहिल्यांदाच बघितलं.

नावाखाली एकच ओळ: 'ओत्सुकारेसामा देशिता'. डिक्शनरी घेऊन शब्दाला शब्द लावला तर निघतं, 'तुम्ही थकलात'. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या बाईंना भर कार्यक्रमात हे वाचून दाखवायची माझी हिंमत नव्हती. माझ्या जपानीच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अरे, 'त्सुकारे' म्हणजे थकवा हे बरोबर, पण त्याच्या पुढे 'ओ' आणि मागे 'सामा' लावलाय, दोन्ही आदराचे. म्हणजे तुमच्या थकव्यालाच नमस्कार. दिवसभराचं काम संपलं की ते एकमेकांना हेच म्हणतात. आणि वरिष्ठ माणूस हाताखालच्याला म्हणतो तो शब्द वेगळा आहे, तो इथे लिहिलेला नाही, हेही लक्षात घे.

मग मी बराच वेळ मराठी शोधत होतो. 'आपल्या कष्टांबद्दल आभार' लिहिलं, ते सर्क्युलरसारखं वाटलं. खोडलं. शेवटी आपल्याकडे घरातली मोठी माणसं म्हणतात तेच ठेवलं. मॅडम, कार्डाच्या मधोमध लिहिलंय: खूप केलंत.

पुढची ओळ अकरापैकी सहा जणांनी लिहिली आहे, 'ओसेवा नि नारिमाशिता'. हिच्यासाठी मात्र काही शोधावं लागलं नाही, मराठीत ती तयारच होती: तुम्ही आम्हाला सांभाळून घेतलंत. सहा वेळा वाचत नाही. पण सहा जणांनी वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलंय, एवढं सांगतो.

त्यांच्या डिझाइनमधल्या एकीने लिहिलंय, 'आमचे दहा म्हणजे तुमचे साडेसहा, हे मला पाच वर्षांनी कळलं. एकदाही तुम्ही बोलला नाहीत. क्षमा करा.' सोळा वर्षं सोमवारचा कॉल सकाळी साडेसहाला होता आणि मॅडम सव्वासहाला कानात हेडफोन घालून तयार असायच्या. आता कळलंय म्हटल्यावर तिने वेळ बदलून घेतली असेल असं मला वाटलं होतं. पण कॉल अजून साडेसहालाच आहे, आणि सोमवारपासून तो मी घेणार आहे.

दोघातिघांचं पटकन सांगतो. एकाने तब्येत जपा म्हटलंय. एकाने तुमच्या मायक्रोमीटरचं चित्र काढलंय, थिंबल उलट्या बाजूला, पण भावना पोचल्या. एका नवीन मुलाने लिहिलंय की मला तुमची भीती वाटायची. त्याला कळवतो की इथेही तसंच होतं.

आता पालक.

कार्डाच्या डाव्या बाजूला हिरव्या पेनने पालकाची जुडी काढलीय. खाली नाव तानाका-सान, त्यांचे क्वालिटीचे मॅनेजर. आणि एक वाक्य: 'ही तुमच्याकडून शिकलो.' मला काही म्हणजे काही कळेना. मॅडमनी यांना भाजी शिकवली कधी? पुन्हा बाईंना फोन. त्या हसायलाच लागल्या. पालकाला जपानीत 'होरेन्सो' म्हणतात. आणि त्यांच्याकडे नोकरीला लागलं की पहिल्याच आठवड्यात शिकवतात तो नियमही 'होरेन्सो'च: 'होकोकु', 'रेनराकु', 'सोदान' या तीन शब्दांची पहिली अक्षरं. वरिष्ठांना रिपोर्ट द्या, सगळ्यांना कळवा, अडलं तर विचारा. तिकडे जो नियम नवख्या पोराला शिकवतात, तो तानाका-सान म्हणतात की मी तुमच्याकडून शिकलो. हे कुठल्या प्रसंगावरून, ते या हॉलमध्ये दोघांना माहीत आहे. मॅडमना आणि मला.

2016 ची गोष्ट. मी ट्रेनी होतो, रात्रपाळी होती. 50 मिलिमीटरचे शाफ्ट, टॉलरन्स 16 मायक्रॉन. माल विमानाने जायचा होता, डिस्पॅचवाले दर दहा मिनिटांनी येऊन डोक्यावर उभे. मी मशीनवरून उतरेल तसा पीस मोजत गेलो. सगळे ओके. सकाळी गाडी गेली. दुपारी मॅडमनी ठेवून घेतलेले पाच नमुने स्टँडर्ड रूममध्ये, 20 अंशांवर पुन्हा मोजले. पाचही खालच्या मर्यादेच्या बाहेर. फार नाही, दोन-तीन मायक्रॉन.

मला बोलावलं. ओरडल्या नाहीत. कागद पुढे केला. 'गरम असताना मोजलेस ना? किती गरम होते?' म्हटलं, हाताला चांगले लागत होते, पंधरा अंश तरी जास्त असतील. 'मग काढ, किती फुगला.' पोलाद एका मीटरला, एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. गुणाकार केला, साडेआठ मायक्रॉन आले. म्हणजे निम्मा टॉलरन्स मी नुसत्या उष्णतेत उडवला होता. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

पुढचं मला नंतर कळलं. माल अजून वाटेत होता. वरून सांगण्यात आलं की दोन मायक्रॉन त्यांना कळणारही नाहीत, थांबा, तक्रार आली तर बघू. मॅडमनी तेवढं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, म्हणजे तिकडे ऑफिस उघडतं त्या नऊच्या ठोक्याला, घरून तानाका-सानना फोन लावला. सांगितलं, 'येणारा लॉट वापरू नका. आमच्याकडे मोजण्यात चूक झाली आहे.' माल पोचायच्या आधी बातमी पोचली. 'आमच्याकडे' म्हणाल्या. माझं नाव त्या फोनमध्ये आलं नाही, त्यानंतरच्या रिपोर्टमध्ये आलं नाही, आणि आज मी सांगतोय तोपर्यंत इथेही बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

त्या लॉटचे पैसे गेले. त्यावरून मॅडमना बरंच ऐकून घ्यावं लागलं, तेही खरं आहे. मॅडमबरोबर काम करणं सोपं नव्हतं, हे आज त्यांच्यासमोर सांगायला हरकत नाही. महिनाअखेरीला लाल होल्ड टॅग घेऊन त्या शॉपवर आल्या की माणसं मशीनच्या मागे जायची. डिस्पॅचमधल्या आपल्या मित्रांनी त्यांना काय काय नावं ठेवली ती मी वाचून दाखवणार नाही. ती मराठीतच आहेत, भाषांतराची गरज नाही.

राहिला तो पांढरा कोपरा. मी कळवलं की एक मजकूर दिसत नाहीये, फ्लॅश बंद करून पुन्हा फोटो पाठवा. काल संध्याकाळी आला. लिहिणारे मोरी-सान, ज्यांनी 2009 साली पहिली ऑर्डर दिली होती. ते स्वतः कधीच निवृत्त झालेत, या एका ओळीसाठी त्यांना ऑफिसात बोलावून घेतलं होतं म्हणे. ओळ छोटी आहे. 'एकदा आमच्याकडे या. या वेळी फक्त फिरायला.' आणि पुढे एक शब्द: 'बागुया म्हणू नका.'

'बागुया' कुठल्याच डिक्शनरीत मिळेना. परदेशी शब्दांसाठी त्यांची वेगळी लिपी आहे, त्या लिपीत लिहिलेला, म्हणून इंग्रजी असेल म्हणून शोधलं. मग फ्रेंच शोधलं. बाईंनाही येईना. रात्री साडेअकराला मी तो मोठ्याने, जरा वेगाने म्हटला आणि बायको आतून म्हणाली, 'काय बघूया?'

बघूया! मॅडम, तुमचं 'बघूया'! जपानी माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. तो 'चोत्तो' म्हणतो, म्हणजे 'जरा', आणि वाक्य तिथेच सोडून देतो. ते अर्धवट 'जरा' म्हणजे नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि तिकडे बसून ते लोक सोळा वर्षं तुमचं 'बघूया' शिकत होते. मॅडम 'बघूया' म्हणाल्या म्हणजे लॉट होल्डवर, हे त्यांना आपल्या डिस्पॅचच्या आधी कळलेलं दिसतंय.

हा कार्डाचा प्रिंट, आणि मागच्या बाजूला अकराही मजकुरांचं मराठी. काही चुकलं असेल तर लाल पेन टेबलावर ठेवलाय. मूळ कार्ड आलं की मी घरी आणून देतो.

तर, मॅडम, मोरी-सानना आजच उत्तर पाठवायचंय. काय लिहू? आणि 'बघूया' सोडून काहीही सांगा.